दीड सेकंदाची ओळ

अनुजा शिगवण लांब वाक्य बोलत नाही. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, बाई तुटक आहे, शिष्ट असावी. तसं काही नाही. ती धोंडू शिगवणांची मुलगी आहे, एवढंच त्याचं कारण.

धोंडू शिगवण, म्हणजे घरातले आणि आता सगळ्या चाळीचे आप्पा, मूळचे संगमेश्वराकडचे. लोअर परळच्या एका गिरणीत पंचवीस वर्षं साचाखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका छपराखाली असे शेकड्यांनी साचे आणि सगळे एकदम खडखडणारे. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नसे, म्हणून साचेवाले ओरडायच्या भानगडीत पडतच नसत. नुसतं तोंड हलवायचे आणि समोरचा ओठ वाचायचा. ‘धागा तुटला’, ‘जॉबर (मुकादम) आला’, ‘चहा’, ‘पोरगी झाली’, सगळं असंच. हळूहळू आप्पांचे कान गेले, मग गिरणीही गेली. ओठ वाचायची विद्या तेवढी अंगात राहिली.

करी रोडच्या चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत अनुजा बोलायला शिकली ती या माणसाशी. उजेडाकडे तोंड करायचं, घास गिळून मग बोलायचं आणि थोडक्यात आटपायचं. वाक्य लांबलं की आप्पा मधेच कुठेतरी सुटायचे आणि कसंनुसं हसायचे. सगळं कळल्यासारखं दाखवणारं ते हसू तिला लहानपणीही बघवत नसे. मग ती वाक्य कापायची. ‘शाळेतल्या बाईंनी उद्या सगळ्यांना चित्रकलेची वही आणायला सांगितलीय’ याचं ‘उद्या वही हवी, चित्राची’ व्हायचं. आप्पा मान हलवायचे आणि वही यायची. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्दांची काटकसर होती आणि ती प्रेमाने केलेली होती.

या काटकसरीवर पुढे पोट भरेल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

ती डबिंगच्या धंद्यात शिरली टायपिस्ट म्हणून. लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात हितेंद्रचा स्टुडिओ आहे. (गोष्ट रचायची असती तर ती आप्पांचीच गिरणी निघाली असती. ती शेजारची होती. आप्पांच्या गिरणीवर मॉल आहे.) परदेशी मालिका मराठीत आणायच्या, हे इथलं काम. त्या वेळी तिथे चिंतामणी नावाचे जुने लेखक होते. ते सांगत, अनुजा टाइप करी. पण चिंतामणींची ओळ टाइप करता करता तिच्या तोंडून सहज आखूड होऊन बाहेर पडायची. दोन-चार वेळा त्यांनी दुर्लक्ष केलं. पाचव्या वेळी चष्मा काढून म्हणाले, “तूच लिही. मी सही करतो.” ते निवृत्त झाले आणि सही करायला कुणी उरलं नाही, तरी ती लिहीतच राहिली. मात्र मालिकेच्या शेवटी ‘मराठी संवाद’ या शब्दांपुढे तिचं नाव कधी आलं नाही. तिथे स्टुडिओचं नाव येई.

डबिंगचं लिहिणं म्हणजे भाषांतर, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस तिच्या शेजारी बसावं. समोर पडद्यावर परकी बाई बोलते आहे. तिचं तोंड उघडतं तेव्हा मराठी सुरू व्हायला हवं आणि मिटतं तेव्हा संपायला हवं. त्या बाईने दीड सेकंद घेतला असेल तर तुम्हालाही दीडच. त्यातून चेहरा जवळून दाखवला असेल तर आणखी एक पीडा: तिचे ओठ जिथे मिटतात तिथे तुमच्या ओळीतही प, ब, म असलं ओठ मिटणारं अक्षर पडायला हवं, नाहीतर तोंड एक सांगतं आणि आवाज दुसरंच. पाठमोरी असेल तर मोकळीक, हवं तेवढं घाला. खाली अक्षरं येतात त्या सबटायटलचं गणित वेगळं. ओळीत अमुकच अक्षरं, ओळी दोनच, आणि एका सेकंदात माणसाचे डोळे किती वाचतील याचीही मर्यादा. ती ओलांडली की संगणक आकडा लाल करतो. आणि हे सगळं सांभाळून ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, बाई आपल्या शेजारच्या खोलीत बोलतेय. अनुजा कानाला हेडफोन लावून मूळ आवाजावर आपली ओळ मोठ्याने म्हणून बघते. दहादा, वीसदा. जीभ अडखळली की ओळ बाद.

या वर्षी एक तुर्की मालिका आली, चाळीस भागांची. दाखवणाऱ्या कंपनीने एक अट घातली: पहिला भाग नमुना. तो तपासून पास झाला तर पुढचे एकोणचाळीस हितेंद्रकडे, आणि लेखकाचं नावही शेवटी जाईल. नापास झाला तर भाषांतर यंत्राकडून करून घेऊन भलतीकडे रेकॉर्ड करणार. हितेंद्रने स्पष्टच सांगितलं, “मग आपल्याकडे फक्त यंत्राच्या चुका दुरुस्त करायचं काम येईल, अनुजा. तेही आलं तर.” एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दुसऱ्याची ओळ सुधारत बसायचं? तिने हेडफोन घातला. हे चाळीस भाग तिला हवे होते. इतकं काही हवं असं तिला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

भागात तीनशे चौदा ओळी होत्या. दहा दिवसांत तिने लिहून दिल्या, मराठी सबटायटलांसकट.

कंपनीच्या वतीने तपासणारा होता अजित. पस्तिशीचा, पुण्यात शिकलेला, भाषेवर मनापासून प्रेम करणारा; आणि असं प्रेम करणाऱ्यांचा जाच सगळ्यात मोठा असतो. त्याच्याकडून तक्ता परत आला तेव्हा एकसष्ट ओळींसमोर शेरे होते. ‘वाक्य अपूर्ण.’ ‘आशय गळला.’ ‘क्रियापद कुठे?’ ‘फारच बोली.’ खाली नम्र टीप: मराठी प्रेक्षकाला पूर्ण, सुंदर मराठी मिळावं ही अपेक्षा.

“तो सांगतो तसं लिहून टाक ना,” हितेंद्र म्हणाला. “पास तर त्यालाच करायचंय.”

आणि अनुजाने लिहून टाकलं. घाबरली, दुसरं काय. एकसष्टच्या एकसष्ट ओळी तिने भरून काढल्या. कर्ता, कर्म, क्रियापद सगळे रांगेत उभे केले. ते वाचताना तिचं तिलाच लाजल्यासारखं होत होतं, तरी दिलं पाठवून.

रेकॉर्डिंगला राधाताई आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, लालबागच्या. कामगार रंगभूमीवर उभी हयात गेलेली, आवाज अजून खणखणीत. मालिकेतल्या आईचं काम त्यांचं. काचेपलीकडे माइकसमोर त्या उभ्या राहिल्या आणि ओळ दोनशे बारावर गाडी रुतली.

प्रसंग साधा होता. समुद्रकाठचं घर. मुलगी शहरात कामाला निघाली आहे, बॅग घेऊन दारात उभी आहे. ती म्हणते, निघते. कॅमेरा आईच्या तोंडावर येतो, अगदी जवळ. आई दीड सेकंदात काहीतरी बोलते. सुरुवातीला तिचे ओठ मिटलेले असतात, मधे पुन्हा मिटतात. बस्स. भागातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हाच आणि जाहिरातीतही हाच जाणार होता. इंग्रजीत उतरवून आलेल्या मजकुरात त्या दीड सेकंदाचा अर्थ दिला होता: तिकडचीच होऊन राहू नकोस, माझ्याकडे यायची वाट विसरू नकोस. अनुजाने आधी ‘विसरू नकोस’ एवढंच लिहिलं होतं. अजितने विचारलं होतं, घर कुठे गेलं, रस्ता कुठे गेला? म्हणून आता ओळ होती: ‘तिकडेच राहून या घराचा रस्ता विसरू नकोस.’

राधाताईंनी चारदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी त्या ‘घराचा’पर्यंत पोचत आणि पडद्यावरची बाई तोंड मिटून मोकळी होई. पाचव्यांदा त्यांनी दम कोंडून सगळं भरभर म्हटलं. रेकॉर्डिस्ट स्वप्नीलने उरलंसुरलं संगणकावर दाबून बसवलं. ऐकलं तर आई लेकीला निरोप देतेय की भाजीवाल्याशी भांडतेय, कळेना.

राधाताईंनी हेडफोन काढला. “अनु, हे कोण बोलतं गं? माझ्या घरात तर कुणी बोलत नाही असं.”

अनुजाला ते झोंबलं. कारण तिच्या घरातही कुणी बोलत नव्हतं. “आज थांबू या, राधाताई,” ती म्हणाली. “ओळी मी परत लिहिते. सगळ्या.”

“अजितला काय सांगणार?” हितेंद्रने विचारलं.

“कारण सांगणार. प्रत्येक ओळीचं.”

आणि तिने सांगितलं. एकसष्ट ओळींपुढे एकसष्ट कारणं. किती सेकंद, ओठ कुठे मिटतात, कुठे चेहरा दिसत नाही म्हणून वाढवलंय, कुठे सबटायटलचा आकडा लाल झाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असलं एकही वाक्य त्यात नव्हतं. चार दिवस ती त्यालाच भिडली होती. फक्त दोनशे बाराची जागा रिकामी होती. ‘विसरू नकोस’ ओठांवर बसत नव्हतं. ‘मला मनात ठेव’ बसत होतं, पण ते निरोपसमारंभातलं वाटायचं.

पाचव्या दिवशी सकाळी ती निघाली. आप्पा खाटेवर बसून सुकट निवडत होते, एकेक कोलंबी उजेडात धरून. चपला घालताना ती त्यांच्याकडे वळली, उजेडाकडे तोंड केलं आणि रोजच्यासारखं म्हणाली, “येते, आप्पा.”

आप्पांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि रोजच्यासारखं म्हटलं, “बरं, ये मग.”

ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचली आणि थांबली. तिथेच उभी राहून तिने तोंडातल्या तोंडात ती ओळ म्हटली. ‘बरं’च्या ‘ब’ला ओठ मिटले. ‘मग’च्या ‘म’ला पुन्हा मिटले. मधे श्वास घ्यायला जागा. दीड सेकंद, सावकाश. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शाळेत जायची तेव्हापासून, आई असताना दोघांकडून आणि आई गेल्यापासून एकट्या आप्पांकडून तिने हे रोज ऐकलं होतं, आणि रोज ऐकल्यामुळेच ते तिला कधी वाक्य वाटलं नव्हतं. आपल्यात निघणारा ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. मागे राहणारा ‘जा’ म्हणत नाही, ‘ये’ म्हणतो. विसरू नकोस, वाट मोकळी आहे, मी इथेच आहे, हे सगळं त्या ‘ये’मध्ये बसलेलं असतं आणि कुणी ते उलगडून दाखवत नाही. तिला जिन्यात उभ्या उभ्या रडू आलं. वरून उतरणाऱ्या शेजारणीने विचारलं, “काय गो, बरं नाय?” “बरंय,” ती म्हणाली आणि रेल्वेचा पूल ओलांडून जवळजवळ पळतच स्टुडिओत गेली. दोनशे बाराची रिकामी जागा भरली आणि तक्ता अजितला पाठवला.

आता अजितबद्दल खरं ते सांगायला हवं. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. एकसष्ट कारणं त्याने वाचली आणि साठ ओळी मान्य केल्या. काहींपुढे तर ‘छान’ लिहिलं. दोनशे बारापुढे मात्र त्याचा शेरा होता: ‘गंभीर. मूळ अर्थ बदलला. ही तर नुसती निरोप द्यायची रीत झाली.’ आणि कंपनीचा नियम असा की अर्थ बदलल्याचा एक जरी गंभीर शेरा राहिला तर भाग नापास.

“साठ दिल्या त्याने,” हितेंद्र हात जोडत म्हणाला. “एक तू दे. नाकापेक्षा मोती जड करू नकोस.”

“तीच तर ओळ आहे, सर. बाकीच्या साठ तिच्यासाठीच आहेत.”

“मग?”

“त्यांना इथे बोलवा. समोर बसून ठरवू. आणि मी आप्पांना आणणार आहे.”

हितेंद्रला वाटलं, बाईवर ताण आलाय. पण अजित यायला तयार झाला. बाहेरच्या माणसाला मालिका आधी दाखवायची नाही, असं करारात होतं; तर त्याने आप्पांसाठी गुप्ततेचा कागदच छापून आणला. आप्पांनी चष्मा लावून तो सगळा वाचला, ठसठशीत अक्षरात सही केली आणि म्हणाले, “मी ऐकणारच नाय, तर सांगणार काय कोणाला?” त्यांच्या मोठ्या आवाजाने स्वप्नील दचकला. आप्पांना आपला आवाज किती चढतो ते कळत नाही.

दारातला तोच प्रसंग लावायचा होता, फक्त चित्र आणि सबटायटल. अनुजा म्हणाली, “आधी अजितसरांची ओळ.”

आप्पांना टीव्हीवरचं सबटायटल मोठ्याने वाचायची सवय आहे. पडद्यावर मुलगी दारात आली. आप्पांनी वाचलं, “येते, आई.” मग आईचा चेहरा आणि खाली ओळ. “तिकडेच राहून या घराचा र...” ओळ गेली. आप्पा स्वप्नीलकडे वळले. “काय झालं? पळवलीस कशाला?”

“पळवली नाही, आप्पा. तेवढीच असते,” स्वप्नील त्यांच्याकडे तोंड करून म्हणाला.

पुन्हा लावलं. या वेळी आप्पा ‘रस्ता’पर्यंत पोचले. अनुजाने त्यांच्यासमोर येऊन विचारलं, “बाई काय करत होती?”

“कोण बाई?”

“आई. पडद्यावरची.”

आप्पा कसंनुसं हसले. तेच लहानपणचं हसू. अनुजाने ते पाहिलं, मान फिरवली आणि स्वप्नीलला म्हणाली, “माझी लाव.”

मुलगी दारात आली. “येते, आई,” आप्पांनी वाचलं. आईचा चेहरा आला. “बरं, ये मग,” आप्पांनी वाचलं. पडद्यावरचं चित्र संपलं तरी बघत राहिले. मग म्हणाले, “पोरीच्या ओढणीचं टोक धरून ठेवलंय तिनं. सोडवत नाय तिला.”

अजितने स्वप्नीलला खूण करून चित्र मागे न्यायला लावलं. खरंच, कोपऱ्यात ओढणीचं टोक होतं. हा प्रसंग त्याने निदान वीस वेळा पाहिला असेल. “हे मी बघितलं नव्हतं,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “ठीक. लांबीचं मला पटलं. पण मग ‘परत ये’ लिहा. तेवढंच आखूड आहे आणि अर्थही राहतो.”

ही सूचना वाईट नव्हती आणि म्हणूनच अवघड होती. अनुजाने राधाताईंना काचेपलीकडे उभं केलं. “दोन्ही म्हणा, राधाताई. चित्रावर.” आप्पांना तिने पडदा आणि काच दोन्ही दिसतील असं बसवलं.

राधाताईंनी आधी ‘परत ये’ म्हटलं, मग पुन्हा चित्र लावून ‘बरं, ये मग’. आप्पा एकदा पडद्यावरच्या तोंडाकडे, एकदा काचेतल्या तोंडाकडे बघत होते, साच्यावरचा धागा बघावा तसे. “पहिल्यात ह्यांचं तोंड आधीच उघडं पडतं,” ते म्हणाले. “ती बाई नंतर ओठ मिटते, तेव्हा ह्या मोकळ्या. दुसऱ्यात दोघी एकत्र चालतात.”

“ओठ जुळले, मान्य,” अजित म्हणाला. “पण नुसते ओठ जुळवायला मी आलो नाही. अनुजाताई, ‘परत ये’मध्ये तळमळ आहे. ‘ये मग’ तर आपण दूधवाल्यालाही म्हणतो.”

“निघालेल्या मुलीला तुमच्या आई म्हणतात ‘परत ये’?” अनुजाने विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणत नाहीत. तसं म्हटलं की ती येणार नाही अशी शंका आल्यासारखं होतं. दारात असं कुणी बोलत नाही. म्हणून तर ‘ये मग’ म्हणतात.” एवढं लांब ती आठवड्यात बोलली नव्हती.

अजितने लॅपटॉपवरचा आपला शेरा पुन्हा वाचला. मग लॅपटॉप मिटला. “मी विचार करतो. शेरा आजच काढून टाकतो असं नाही म्हणत. उद्या कळवतो.”

हितेंद्रचा चेहरा पडला. उद्या म्हणजे काय, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. अनुजाने वाद वाढवला नाही. जे होतं ते सगळं तिने टेबलावर मांडलं होतं आणि त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. ओळ ती बदलणार नव्हती. चाळीस भाग गेले तर गेले, हे तिने तिथेच खुर्चीत बसून पक्कं केलं, आणि केल्यावर तिला भीती वाटेनाशी झाली.

अजितने बॅग खांद्याला लावली. राधाताईंना नमस्कार केला. दारापाशी जाऊन तो आप्पांकडे वळला. म्हातारा माणूस तासभर आपल्यासाठी बसला, त्याला तसंच सोडून कसं जायचं.

“चला, येतो हां काका,” तो म्हणाला.

“बरं, या मग,” आप्पा म्हणाले.

अजितचा हात दाराच्या कडीवर होता तो तिथेच राहिला. काचेपलीकडे राधाताईंनी तोंडावर पदर धरला होता.

तो परत दोन पावलं आत आला, आप्पांसमोर वाकला आणि सावकाश ओठ हलवत विचारलं, “काका, मी काय म्हणालो ते कळलं तुम्हाला? ऐकू आलं?”

“ऐकू कुठलं येतंय,” आप्पा म्हणाले. “तुमचं तोंड पण नीट दिसलं नाय, पाठी उजेड होता. पण दारात उभा राहून माणूस दुसरं काय बोलणार?”

अजितने बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला. बराच वेळ तो काही टाइप करत होता, खोडत होता. त्याच्यासारख्या माणसाला थोडक्यात लिहिणं सोपं नसतं. शेवटी त्याने लॅपटॉप अनुजाकडे फिरवला. दोनशे बारापुढचा ‘गंभीर’ हा शब्द गेला होता. तिथे लिहिलं होतं: ‘आहे तशीच ठेवावी.’

अनुजाने ते वाचलं, आप्पांसमोर गेली, उजेडाकडे तोंड केलं आणि फक्त ओठांनी म्हणाली, “पास.” आप्पांनी मान हलवली, वही मागितली की हलवायचे तशीच. मग ती हेडफोन घालून आपल्या जागेवर बसली.

“राधाताई, दोनशे बारा रेकॉर्ड करून टाकू,” ती म्हणाली. “आणि स्वप्नील, लगेच दोनशे तेरा लाव.”